चाळिशीआधी थांबलेली पाळी

(स्मृती व्याख्यानमालेत बदलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयाला ‘वंध्यत्व’ असं मोठं नाव द्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना ते बदलायला लावलं. त्या शब्दाखाली पन्नास आजार येतात, आणि तो बाईच्या कपाळावर लिहिल्यासारखा वाटतो. मला आज एकाच गोष्टीविषयी बोलायचं आहे: चाळिशीच्या आत अंडाशयांचं काम मंदावणं किंवा थांबणं. डॉक्टर त्याला प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी, थोडक्यात पीओआय म्हणतात. आमच्या ओपीडीत बायका म्हणतात, “मॅडम, पाळी लवकरच गेली.”

एका बाईपासून सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून तीन-चार जणींच्या कहाण्या मी एकीत गुंफल्या आहेत. वैद्यकीय तपशील मात्र अशा रुग्णांत नेहमी दिसतात तेच आहेत.

ती माझ्याकडे आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. राहायला बदलापूर पूर्वेला, कामाला अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, पॅकिंगच्या खात्यात. लग्नाला पाच वर्षं झाली होती. अठ्ठाविसाव्या वर्षापासून पाळी पुढे जायला लागली. आधी चाळीस दिवसांनी, मग दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी. घरचे म्हणाले, कामाचा ताण. शेजारीण म्हणाली, वजन वाढलंय. एका दवाखान्यात तिला पाच दिवसांच्या ‘पाळी यायच्या’ गोळ्या मिळाल्या. त्या घेतल्या की पाळी यायची, म्हणून तिला वाटायचं की सगळं ठीक आहे. असं दोन वर्षं चाललं. मग एका महिन्यात गोळ्या संपल्या आणि पाळी आलीच नाही. पुढच्या वेळीही नाही. रात्री अंगातून वाफा निघायच्या, उशी ओली व्हायची. घरात एकच पंखा, त्यात मे महिना, म्हणून तिने तो दोष उन्हाळ्याला दिला. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात इस्त्रीवर उभ्या राहणाऱ्या बायकाही मला हेच सांगतात. पण उन्हाळा पहाटे तीनला चेहऱ्यावर उसळून दोन मिनिटांत ओसरत नाही.

त्या गोळ्यांविषयी थोडं थांबून बोलते, कारण निदान इथेच चुकतं. पाळी आणायच्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर तयार करतं ते इस्ट्रोजेन, आणि ते येतं अंडाशयातून. अस्तर तयार असेल तर प्रोजेस्टेरॉन बंद केल्यावर ते गळतं आणि रक्तस्राव होतो. म्हणजे गोळी पाळी ‘सुरू’ करत नाही, साठलेलं फक्त बाहेर काढते. इस्ट्रोजेनच संपत आलं तर गळायला काही उरत नाही. तिची गोळी लागू पडेनाशी झाली तेव्हा शरीर ते सांगत होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. काही जणींना गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट देतात. त्यांची पाळी तर घड्याळासारखी येते. तीन वर्षांनी पाकीट थांबतं तेव्हा कळतं की खाली काय होऊन बसलं आहे. या गोळ्या वाईट नाहीत. तपासणी न करता त्या देत राहणं वाईट.

तपासणी कोणती? मुख्य तपासणी एकच, रक्तातल्या एफएसएचची. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी अंडाशयाला अंडं वाढवण्याचा हुकूम या हार्मोनने देते. अंडाशय ऐकत असेल तर हुकूम हळू आवाजात पुरतो. अंडाशयाकडून उत्तर येईनासं झालं की पिट्यूटरी ओरडायला लागते आणि एफएसएच चढतं. चार महिने किंवा जास्त काळ पाळी नसेल किंवा फारच अनियमित असेल, वय चाळिशीच्या आत असेल आणि एफएसएच पंचविसाच्या वर असेल, तर हे निदान पक्कं समजावं, असं 2024 साली युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र बसून लिहिलं. पूर्वी चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा असा नियम होता. आता शंका असेल तरच दुसऱ्यांदा. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना तपासलं तर आकडा खोटा खाली दिसतो, त्यामुळे त्या थांबवून काही आठवड्यांनी रक्त द्यायचं. आणि आधी गरोदरपणाची तपासणी करायची. ऐकायला साधं वाटतं, पण ती विसरलेली मी पाहिली आहे.

तिचा आकडा आला 64. इस्ट्रोजेन जवळजवळ मोजता येऊ नये इतकं कमी. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय लहान, एकात एक बारीकसा फॉलिकल. तिने कागद हातात घेऊन विचारलं, “म्हणजे बीज संपलं?”

हा प्रश्न नीट समजून घेऊ या. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ ते सत्तर लाख अंडपेशी असतात. जन्मताना दहा ते वीस लाख उरतात, पहिल्या पाळीच्या वेळी तीन-चार लाख. नव्या तयार होत नाहीत. आयुष्यभरात पाळीच्या चक्रातून जेमतेम चारशे-पाचशे बाहेर पडतात. बाकीच्या लाखो आपोआप विरघळून जातात, बाई काहीही करो. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते. आपल्याकडे हे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास होतं. पीओआयमध्ये साठा मुळातच कमी असतो, किंवा तो वेगाने विरघळतो, किंवा अंडी असूनही हुकूम ऐकत नाहीत. शंभरातल्या एकीला हे होतं असं आम्ही पुस्तकांत शिकलो. आता जगभरचे अभ्यास एकत्र करून हा आकडा साडेतीन टक्क्यांच्या जवळ मानतात. सकाळच्या बदलापूर लोकलच्या बायकांच्या डब्यात चाळिशीच्या आतल्या शंभर जणी उभ्या असतील, तर त्यांत तीन-चार जणी अशा असू शकतात. त्यांच्यातल्या कितीजणींनी ते शेजारणीला सांगितलं असेल?

मग बीज संपलं का? विहिरीचं उदाहरण देते. उन्हाळ्यात विहीर आटली की मोटर कितीही वेळ चालवा, पाणी येत नाही. पण आटलेल्या विहिरीच्या तळाशी एखादा झरा कधीतरी पाझरतो. नैसर्गिक रजोनिवृत्ती म्हणजे झरेच बुजलेली विहीर. पीओआय तशी नाही. निदानाच्या वेळी जवळजवळ अर्ध्या जणींच्या अंडाशयांत अधूनमधून हालचाल दिसते, आणि शंभरातल्या पाच ते दहा जणींना पुढे कधीतरी आपोआप दिवस राहतात. म्हणून या आजाराला ‘फेल्युअर’ म्हणणं डॉक्टरांनी सोडलं.

माझ्याकडची एक बाई, उल्हासनगरची, हार्मोनच्या गोळ्यांवर होती. एका महिन्यात पाळी आली नाही. ‘आपली गेलीच आहे’ म्हणून तिने लक्ष दिलं नाही. चार महिन्यांनी पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा बाळाचे हातपाय हलताना दिसले. तिची मुलगी आता शाळेत आहे. मी हे आशा लावण्यासाठी सांगत नाही. पाच-दहा म्हणजे नव्वद-पंचाण्णव जणींना दिवस राहत नाहीत, आणि राहणारी कोण हे आधी ओळखण्याची कुठलीही तपासणी आज नाही. अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएचचा आकडा शून्याजवळ आला तरी तो ‘कधीच नाही’ असं सांगू शकत नाही. ज्यांना मूल नको आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं: या हार्मोनच्या गोळ्या गर्भनिरोधक नव्हेत.

मोटरवरूनच पुढची गोष्ट. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये अंडी वाढवायला जी इंजेक्शनं देतात, त्यांत मुख्य औषध असतं एफएसएच. बदलापूरच्या त्या पहिल्या बाईच्या रक्तात ते आधीच चौसष्ट आहे. अंडाशय त्या आरोळीला उत्तर देत नाही, तर आणखी इंजेक्शनं कशाला? तरीही लोक देतात. अंडाशयात तिच्याच रक्तातलं प्लाझ्मा टोचणं, स्टेम सेल, ताकदीच्या पावडरी, हे सगळं आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात विकलं जातं. यांतल्या कशानेही अंडाशय पुन्हा चालू होऊन मूल होतं, असा भरवशाचा पुरावा आजपर्यंत नाही. बदलापूरच्या त्या बाईने दोन वेळा अशी इंजेक्शनं घेतली, एका ठिकाणी जिचं नाव मी घेणार नाही. त्यासाठी नवऱ्याने पतपेढीतून कर्ज काढलं होतं. दोन्ही वेळा एकही अंडं वाढलं नाही. आधी एफएसएचचा कागद पाहिला असता तर ते कर्ज काढावं लागलं नसतं, याचा मला आजही राग येतो.

असं का झालं, हे प्रत्येकजण विचारतं. सासूबाईंनी विचारलं, नवऱ्याने विचारलं, तिने स्वतःला रोज विचारलं. बहुतेकींमध्ये कारण सापडत नाही. काहींमध्ये एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसतं, म्हणजे टर्नर सिंड्रोम. म्हणून गुणसूत्रांची तपासणी करायची. काहींमध्ये एफएमआर-1 नावाच्या जनुकात बदल असतो. तो सापडला तर घरातल्या इतरांनाही सांगावं लागतं, कारण तोच बदल पुढच्या पिढीत वाढून मुलांच्या बुद्धीवर परिणाम करू शकतो. काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उठते. म्हणून थायरॉइड तपासायचं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचाही विचार करायचा. कर्करोगाची औषधं, ओटीपोटावरची किरणं आणि अंडाशयावरच्या गाठींची शस्त्रक्रिया ही आणखी कारणं. परळला टाटा रुग्णालयात उपचारांना निघालेल्या तरुण मुलीच्या आईबापांनी पहिल्या केमोआधी अंडी किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवण्याबद्दल विचारावं. नंतर विचारून उपयोग नसतो.

एमआयडीसीतल्या केमिकलमुळे झालं का, वालधुनीच्या पाण्यामुळे झालं का, असं या भागात हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण एखाद्या बाईच्या बाबतीत ते सिद्ध करणारी तपासणी आमच्याकडे नाही आणि मी खोटं सांगणार नाही. धूम्रपानाने पाळी लवकर जाते हे मात्र नक्की. म्हणून ‘मी ओढत नाही, फक्त मिश्री लावते’ असं सांगणाऱ्या बाईलाही मी तंबाखू सोडायला सांगते.

तिच्या तपासण्यांत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडली. गुणसूत्रं नेहमीसारखी होती. म्हणजे कारण अर्धं कळलं.

आता मुलाचा प्रश्न. इथे मला मुंबईची एक तारीख सांगायची आहे, पण त्याआधी तिच्यामागची गोष्ट. 1984 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ‘नेचर’मध्ये एका तरुण बाईची हकीकत छापली. तिचे अंडाशय काम करत नव्हते. दुसऱ्या बाईच्या अंड्यापासून प्रयोगशाळेत गर्भ तयार केला, हिला बाहेरून हार्मोन देऊन अस्तर तयार केलं, गर्भ ठेवला आणि मूल झालं. अंडाशय थांबले तरी गर्भाशय थांबत नाही, हे त्यातून सिद्ध झालं. आपल्याकडे डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात आयव्हीएफचं बाळ जन्माला आणलं, हे अनेकांना ठाऊक आहे. लवकर पाळी गेलेल्या बायकांसाठी दात्याच्या अंड्याची पद्धत त्यांनीच इथे बसवली आणि 24 जानेवारी 1991 रोजी तसं देशातलं पहिलं बाळ जन्मलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. डॉ. हिंदुजांचा जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी वसवलं. तिथल्या माझ्या सिंधी रुग्णबायकांना हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं.

पद्धत साधारण आजही तीच आहे. दहा-चौदा दिवस इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात, सोनोग्राफीत अस्तर सात-आठ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात आणि मग पाच दिवसांचा गर्भ ठेवतात. दिवस राहिले तर दोन्ही औषधं दहा-बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. तोवर वार स्वतः हार्मोन बनवायला लागते. यश दात्याच्या वयावर अवलंबून असतं, गर्भ धारण करणाऱ्या बाईच्या वयावर फारसं नाही. अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, म्हणून त्यावर बारीक लक्ष हवं. आणि टर्नर असेल तर आधी हृदयतज्ज्ञांकडून महाधमनी तपासून घेतल्याशिवाय गर्भ ठेवूच नये, कारण गरोदरपणात ती फाटू शकते आणि आई जाऊ शकते.

तिची धाकटी बहीण पुढे आली. म्हणाली, “माझी घ्या ना मॅडम, रक्ताचं नातं राहील.” डोळ्यांत पाणी यावं असं ते होतं. पण 2021 च्या सहायक प्रजनन कायद्याप्रमाणे अंडी नोंदणीकृत बँकेमार्फतच येतात. दात्री तेवीस ते पस्तीस वर्षांची हवी, तिने आयुष्यात एकदाच द्यायची आणि सातपेक्षा जास्त अंडी काढायची नाहीत. घेणारी बाई पन्नासच्या आतली हवी. जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, दात्रीचा त्यावर हक्क नाही. शिवाय वैद्यकीय अडचण वेगळीच होती: हा दोष घराण्यात असेल तर बहिणीचाही साठा कमी असू शकतो. मी बहिणीचीच तपासणी केली. तिची पाळी नियमित होती, आकडेही ठीक होते. तिला एवढंच सांगितलं की मूल हवं असेल तर फार पुढे ढकलू नकोस.

अंडं दुसऱ्या बाईचं, हे त्या दोघांच्या गळी उतरायला आठ महिने लागले. त्यांना घाई करायचा मला हक्क नव्हता. शेवटी ती तयार झाली, नवरा तयार झाला. गर्भ ठेवला आणि राहिला नाही. दुसऱ्यांदा करायला पैसे नव्हते. त्यांनी दत्तकासाठी ‘कारा’कडे नोंदणी केली. तिथेही वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

आणि मग तिने माझ्याकडे येणं थांबवलं.

माझी चूक इथे आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून कबूल करते. मी तिला गोळ्या दिल्या त्या ‘अस्तरासाठी’ म्हणून. त्या तिच्या स्वतःसाठीही आहेत, हे मी पुरेसं ठासून सांगितलं नाही. मूल नाही तर गोळ्या कशाला, असा तिने हिशेब केला. नवऱ्याचा, सासूचा, सगळ्यांचाच हिशेब तो होता. इस्ट्रोजेन हाडांत कॅल्शियम टिकवतं, रक्तवाहिन्या लवचीक ठेवतं, मेंदूला आणि योनीच्या त्वचेला ते लागतं. पन्नाशीला जाणारी गोष्ट तिशीत गेली तर शरीर वीस वर्षं त्याशिवाय काढतं. दोन पावसाळ्यांनंतर ती बदलापूर स्टेशनच्या जिन्यावर घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय छत्तीस. हाडाच्या डॉक्टरांनी घनता तपासली, ती साठीतल्या बाईसारखी निघाली. त्यांनी पाळीबद्दल विचारलं, आणि ती परत माझ्याकडे आली.

आता तिला रोज इस्ट्राडायोल आणि महिन्यातले बारा दिवस प्रोजेस्टेरॉन आहे. प्रोजेस्टेरॉन का, तर एकटं इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं आणि ते धोक्याचं. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं. ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती भीती पन्नाशीनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांच्या अभ्यासांतून आली आहे. इथे आपण जास्तीचं काही देत नाही, तिच्या वयाच्या बाईत जे असायला हवं तेच भरून काढतो. ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी कर्करोगतज्ज्ञांशी बोलावं. इतरजणींनी हे औषध पाळी स्वाभाविकपणे जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, मुलाचा प्रश्न सुटो वा न सुटो, घ्यायचं असतं.

इथे बसलेल्या आयांना, सासवांना, नवऱ्यांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझी एक विनंती आहे. घरातल्या चाळिशीच्या आतल्या बाईची पाळी चार महिने आली नाही आणि ती गरोदर नाही, तर पाळी आणायच्या गोळीआधी एफएसएचचं रक्त द्या. काही शे रुपयांची ती तपासणी आहे. आणि निदान झाल्यावर मुलाबद्दल पाच प्रश्न विचाराल तेव्हा सहावा तिच्याबद्दल विचारा.

ती आता अडतीस वर्षांची आहे. ‘कारा’च्या यादीत त्यांचा क्रमांक अजून आलेला नाही. गेल्या महिन्यात तिची हाडांची घनता पुन्हा तपासली, ती थोडी वाढली आहे. गोळ्या अजून बारा वर्षं चालू राहतील.